अमुक नाम संवत्सरे

आमच्या एडिसनच्या घरी पहिली काही वर्षं गणपतीची पूजा रेकॉर्डिंग लावून होत असे. फोन पाटाशेजारी ठेवायचा, गुरुजींचा आवाज सुरू करायचा आणि ते सांगतील तसं करत जायचं. "आता उजव्या हातावर पळीभर पाणी घ्या" म्हटलं की पाणी, "अक्षता वाहा" म्हटलं की अक्षता. रेकॉर्डिंग कुणालाही, कुठल्याही वर्षी चालावं म्हणून केलेलं, त्यामुळे संकल्प आला की गुरुजी म्हणायचे "अमुक नाम संवत्सरे". मग आम्हीही भक्तिभावाने "अमुक नाम संवत्सरे" म्हणायचो. पुढे "अमुक मासे", "अमुक पक्षे", "अमुक तिथौ" आणि शेवटी "अमुक गोत्रोत्पन्नः". एका वर्षी मुलाने पूजा संपल्यावर विचारलं, "बाबा, हा अमुक कोण आहे? दरवर्षी त्याचीच पूजा का करतो आपण?"

बायको हसत सुटली. मीही हसलो, पण मनातून जरा ओशाळलो. मी धंद्याने कॉम्प्युटरवाला. फॉर्ममधल्या रिकाम्या जागा न भरता तो तसाच पाठवला तर काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि इथे मी वर्षानुवर्षं कोरा फॉर्म देवाला पाठवत होतो!

ही गोष्ट मी मंडळात सांगितली आणि पकडला गेलो. २०२५ च्या गणेशोत्सवासाठी आपल्या मराठी शाळेच्या मुलांना पूजेतल्या गोष्टी समजावणारे छोटे व्हिडिओ करायचं ठरत होतं. आरती एकीने घेतली, नैवेद्य दुसरीने घेतला आणि संकल्प माझ्या गळ्यात आला. चार मिनिटं, आठ ते चौदा वयोगट, मराठी सोपी हवी. मी म्हटलं, एका शनिवारचं काम. प्रत्यक्षात जुलै आणि अर्धा ऑगस्ट त्यात गेला. त्या स्क्रिप्टमध्ये जे मावलं नाही, ते इथे लिहितो आहे.

सुरुवात सोपी होती. संकल्प म्हणजे काय? पूजा सुरू करण्याआधी आचमन, प्राणायाम झाला की यजमान उजव्या हातात अक्षता, फूल, पाणी घेतो आणि मी कोण, कुठे आहे, कोणत्या वेळी, काय करणार आहे, हे सांगून ते पाणी ताम्हनात सोडतो. थोडक्यात पाकिटावरचा पत्ता. फरक इतकाच, की आपण पत्ता लिहिताना नावापासून सुरुवात करून देशापर्यंत जातो आणि संकल्प उलटा चालतो, सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात लहानापर्यंत. आम्ही प्रोग्रॅमर मंडळी तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितो, तसंच.

सगळ्यात मोठं काय? तर ब्रह्मदेवाचं वय. ब्रह्मदेवाचं आयुष्य त्याच्या हिशेबाने शंभर वर्षांचं. त्यातली पन्नास संपली, म्हणून "द्वितीये परार्धे", म्हणजे उरलेल्या अर्ध्यात. त्या अर्ध्यातला पहिला दिवस म्हणजे श्वेतवाराह कल्प. असा एक दिवस आपल्या चारशे बत्तीस कोटी वर्षांचा. त्या दिवसाचे चौदा मनूंमध्ये भाग, त्यातला सातवा वैवस्वत मनू चालू आहे. त्याच्या अठ्ठाविसाव्या चौकडीतलं कलियुग. कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं, पंचांगांच्या परंपरेने ते इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू झालं. म्हणजे २०२५ च्या गणपतीपर्यंत ५,१२६ वर्षं झाली. पहिला चरणच एक लाख आठ हजारांचा, म्हणून "प्रथमचरणे". आपण अजून दारातच उभे आहोत.

हा भाग मुलाला वाचून दाखवला तेव्हा त्याला फार आवडला. "म्हणजे ब्रह्मदेवाचा नुकताच फिफ्टीएथ बर्थडे झाला?" हो, झाला. पत्त्यातली ही ओळ गणिताची आणि पुराणाची आहे, इतिहासाची नाही, हेही मी स्क्रिप्टमध्ये साध्या शब्दांत सांगितलं. मुलांना फसवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

खरी गंमत पुढे सुरू झाली. "शालिवाहन शके" या दोन शब्दांवर मी तीन आठवडे अडलो.

लहानपणी आजीने सांगितलेली गोष्ट अशी, की पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैनिक केले, त्यांच्यावर पाणी शिंपडून त्यांना जिवंत केलं आणि शकांचा पराभव केला. त्या विजयाची आठवण म्हणून गुढी उभारायची आणि तिथून शक मोजायचा. मुलांच्या व्हिडिओला यापेक्षा चांगलं काय हवं? मी तसं लिहिलंही. आणि मग नाशिकला वडिलांना फोनवर वाचून दाखवलं.

वडील नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. ते शांतपणे म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण तू दहावीत असताना तुला पांडवलेण्यावर नेलं होतं, ते विसरलास वाटतं."

नाशिककरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगर आहे, त्यावरच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तिथे सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा मोठा प्राकृत लेख आहे. तिने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन केलं आहे. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा आणि क्षहरातांचा वंश निखंदून काढणारा, असा तो. म्हणजे शकांना हरवणारा राजा खरोखर होता, सातवाहन होता आणि त्याचा पुरावा आमच्या गावात दगडावर आहे. आजीची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती.

"मग बरोबरच आहे की," मी म्हणालो.

"लेखावर तारीख काय आहे ते बघ."

तारीख आहे ती अशी: राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं एकोणिसावं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. पुळुमावी हा त्या राणीचा नातू. ना शक, ना शालिवाहन. सातवाहन आपल्या लेखांत चालू राजाच्या राज्याची वर्षं मोजत. ज्यांच्या नावाने आपण आज वर्ष मोजतो, त्यांनी स्वतः ते वर्ष वापरलंच नव्हतं!

मग वापरलं कुणी? इसवी सन ७८ पासून सुरू होणारी ही कालगणना कुषाण सम्राट कनिष्काने सुरू केली की शक क्षत्रप चष्टनाने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ती जपली आणि चालवली ती पश्चिमेच्या शक क्षत्रपांनी, म्हणजे सातवाहनांच्या शत्रूंनी. कच्छमध्ये अंधौ इथे चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामन यांच्या काळचे लेख सापडले, त्यांवर वर्ष ५२ आहे. ७८ मिळवले की इसवी सन १३०. त्यात नुसतं "वर्ष ५२" आहे, शक हे नावही नाही. मोजणाऱ्यांना त्याची गरज वाटली नसणार.

नाव नंतर चिकटलं. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे, कार्तिक पौर्णिमेचा. शक राजाच्या राज्याभिषेकाला पाचशे वर्षं झाली, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे इसवी सन ५७८. तोपर्यंत शकांचं राज्य कधीच संपलं होतं, पण त्यांचं वर्ष दख्खनमध्ये घट्ट रुजलं होतं. त्याच शतकात वराहमिहिरानेही आपल्या गणितासाठी शक ४२७ हे आरंभवर्ष धरलं. ज्योतिष्यांना राजा कोणाचा याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, मोजणी मध्येच तुटू नये, एवढंच हवं होतं. कॉम्प्युटरही वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० पासून. त्या दिवशी कुणाचा राज्याभिषेक झाला नव्हता. सोयीचा दिवस होता, धरला, आणि आता बदलता येत नाही.

शालिवाहन हे नाव आणखी उशिरा, साधारण तेराव्या शतकापासून लेखांत दिसू लागतं. शकांना हरवणाऱ्या सातवाहनांची आठवण लोकांत होती, आकडा शकांचा होता, आणि दोन्ही एकत्र आले. हरणाऱ्याचा आकडा आणि जिंकणाऱ्याचं नाव.

हे ऐकून मी जरा खट्टू झालो. मुलांना आता काय सांगायचं? आजीची गोष्ट खोटी, असं? वडील म्हणाले, "जोगळटेंभीची नाणी सांग."

जोगळटेंभी हे नाशिकजवळचं गाव. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी नाणी क्षहरात राजा नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला आहे, गौतमीपुत्राचा. राजाने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. चांदी तीच, वजन तेच, लोकांच्या हातात फिरणारं नाणं तेच. फक्त वर आपला शिक्का उठवला. काही नाण्यांवर खालचा चेहरा अजून ओळखू येतो.

मला स्क्रिप्ट सापडली. शालिवाहन शक म्हणजे पुन्हा ठसा मारलेलं नाणं. मुलांसाठी मी असं लिहिलं:

"ही गोष्ट आजी सांगते, आणि हे नाणं जमिनीत सापडलं. गोष्टीत मातीचे सैनिक आहेत, नाण्यावर दोन राजे आहेत. गोष्ट का तयार झाली, ते नाणं सांगतं. तुम्ही 'शालिवाहन शके' म्हणता तेव्हा दोन्ही राजांची नावं घेता, हरलेल्याचं आणि जिंकलेल्याचं."

शक काढायचा कसा, हेही सांगितलं. इसवी सनातून ७८ वजा करा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. सत्यनारायण फेब्रुवारीत असला की इथेच चूक होते, एक वर्ष पुढचं म्हटलं जातं. २०२५ च्या गणपतीला शक १९४७.

यानंतर संवत्सराचं नाव. अमुकची पहिली रिकामी जागा ती हीच. प्रभव, विभव अशी साठ नावं ठरलेली आहेत, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात आणि दक्षिणेत, ती न गाळता ओळीने येतात, त्यामुळे हिशेब सोपा आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा. १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, साठाने भागून बाकी ३९. एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. उत्तरेत मात्र हे चक्र गुरू ग्रहाच्या गतीवर चालतं आणि मधूनमधून एक नाव गळतं, म्हणून शेजारच्या उत्तर भारतीय कुटुंबाच्या पूजेत त्याच दिवशी वेगळं नाव ऐकू आलं तर दचकू नका.

हा हिशेब मी मुलाला करायला दिला. त्याने स्वतःचं केलं, आईचं केलं, माझं केलं. मग म्हणाला, "आजोबांचं पण विश्वावसु येतंय. चुकलं का काही?"

चुकलं नव्हतं. वडिलांचा जन्म १९६५ च्या भाद्रपदातला, शक १८८७. साठ वर्षांनी तेच नाव परत आलं होतं. षष्ट्यब्दीपूर्ती म्हणजे साठावा वाढदिवस एवढंच मला माहीत होतं. ज्या नावाच्या वर्षात जन्म झाला ते नाव माणसाच्या आयुष्यात पुन्हा येतं, नावांचं एक पूर्ण चक्र होतं, म्हणून ती शांत करतात, हे मला मुलाच्या वहीतल्या भागाकारामुळे कळलं. आणि त्या कार्यक्रमाला मी जाणार नव्हतो. व्हिसाचे कागद अडकले होते, बाहेर गेलो तर परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती. हे इथल्या किती घरांत झालं असेल, ते वाचणाऱ्यांना मी काय सांगणार.

मनात आणखी एक गोष्ट आली. आपल्यासारख्यांना ज्या कायद्याने या देशाचं दार उघडलं, त्यावर सही झाली ३ ऑक्टोबर १९६५ ला. तेही विश्वावसु संवत्सरच. मंडळातल्या सगळ्यात जुन्या पिढीने हे चक्र इथेच पूर्ण होताना पाहिलं.

आता जागा. पत्त्यातली सगळ्यात अवघड ओळ.

आमच्या नाशिकच्या घरी संकल्पात "जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे" असं येई. पंचवटीतली मावशी मात्र "उत्तरे तीरे" म्हणायची, कारण पंचवटी नदीच्या पलीकडे. पूल ओलांडला की पत्ता बदलला, असं आम्हा मुलांना त्याचं मोठं अप्रूप होतं. पुण्याचे लोकही "गोदावर्याः दक्षिणे तीरे" म्हणतात, नदी दोनशे किलोमीटर लांब असली तरी. म्हणजे नदी ही नकाशावरची रेघ आहे, तिच्या कुठल्या बाजूला आपण, हे सांगायचं.

मग एडिसनमध्ये काय म्हणायचं? मी आमच्या ओळखीच्या गुरुजींना विचारलं. आठवडाभर ते औषध कंपनीत काम करतात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. ते म्हणाले, "इथले पुष्कळ जण 'क्रौंचद्वीपे रमणकवर्षे' म्हणतात. मीही म्हणतो."

क्रौंचद्वीप म्हणजे अमेरिका, असं पुराणात लिहिलंय? त्यांनी हसून मान हलवली. पुराणांतली पृथ्वी सात द्वीपांची. मध्ये जंबुद्वीप, भोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, मग प्लक्षद्वीप, त्याभोवती उसाच्या रसाचा समुद्र, अशी एकाबाहेर एक कडी. क्रौंच हे त्यातलं पाचवं. भागवतात रमणक हे वर्षाचं नाव येतं ते शाल्मली आणि पुष्कर द्वीपांच्या वर्णनात, क्रौंचद्वीपाच्या नाही. तेव्हा ही जोडी पुराणातून जशीच्या तशी उचललेली नाही. इथे घरं मांडलेल्या लोकांना संकल्पात खोटा पत्ता सांगायचा नव्हता, गोदावरीच्या तीरावर बसलोय असं म्हणवत नव्हतं, म्हणून कुणीतरी जुन्या नावांतून एक पत्ता तयार केला आणि तो रुळला.

मी विचारलं, "मग हे चालतं?"

गुरुजी म्हणाले, "तुम्ही कुठे आहात ते सांगायचंय ना? गोदावरीकाठी आहे म्हणालात तर ते नक्की चूक. हे निदान चूक नाही. आणि नदी तुमची तुम्ही सांगा."

आमची नदी रॅरिटन. न्यू ब्रन्स्विकवरून वाहत जाऊन समुद्राला मिळते. एडिसन तिच्या उत्तरेला. मुलाने भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून खात्री केली. म्हणजे इथे आम्ही पंचवटीच्या मावशीसारखे उत्तर तीरावरचे झालो.

शेवटची अडचण तिथीची, आणि ती ऐन वेळी आली. भारतात २०२५ ची गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. आम्हीही ऑफिसात बुधवारची सुट्टी सांगून ठेवली होती. स्क्रिप्टमध्ये रिकाम्या जागा भरताना मी पंचांग उघडलं आणि थांबलो.

तिथी म्हणजे तारीख नव्हे. आकाशात चंद्र सूर्याच्या पुढे जात राहतो, दर बारा अंशांना एक तिथी संपते. हे अंतर सगळ्या जगासाठी एकाच क्षणी पूर्ण होतं, त्या क्षणी घड्याळात मात्र जागोजागी वेगळी वेळ असते. चतुर्थी सुरू झाली भारतात २६ तारखेला दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी आणि संपली २७ ला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी. न्यू जर्सी त्या दिवसांत साडेनऊ तास मागे. म्हणजे आमच्याकडे चतुर्थी २६ च्या पहाटे ४:२४ ला सुरू होऊन २७ च्या सकाळी ६:१४ ला संपत होती. एडिसनला त्या दिवशी सूर्य उगवतो सुमारे ६:२० ला. अवघ्या पाच-सहा मिनिटांच्या फरकाने २७ चा सूर्योदय पंचमीत पडला होता.

गणपतीच्या स्थापनेला मध्यान्ही चतुर्थी असावी लागते. नाशिकला ती बुधवारी होती, आमच्याकडे मंगळवारी. मी बुधवारी दुपारी पाटावर बसून "चतुर्थ्यां तिथौ" म्हटलं असतं, तर पुन्हा कोराच, नव्हे चुकीचा भरलेला फॉर्म झाला असता. बऱ्याच घरांनी भारताच्या दिवशीच गणपती बसवला, त्यात भाव कमी होता असं मी म्हणणार नाही. पण संकल्पात जो दिवस सांगायचा तो आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा, एवढं मला आता कळलं होतं. सुट्टी बदलून घेतली.

मंगळवारी सकाळी आमची पूजा झाली. रेकॉर्डिंग लावलं नाही. गुरुजींनी कागदावर रिकाम्या जागा भरून दिल्या होत्या. व्हिडिओसाठी कॅमेरा लावला होता, आणि फोनवर वडील होते. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली होती आणि दुसऱ्या दिवशीची तयारी चालली होती. मुलाने उजव्या हातात अक्षता, फूल घेतलं, आईने पळीने पाणी घातलं. मी वाचत गेलो, तो मागून म्हणत गेला. विश्वावसु नाम संवत्सरे, दक्षिणायने, वर्षा ऋतौ, भाद्रपद मासे, शुक्ल पक्षे, चतुर्थ्यां तिथौ, भौमवासरे. रॅरिटनपाशी तो अडखळला आणि हसला, ते आम्ही व्हिडिओत तसंच ठेवलं.

शेवटचा शब्द "करिष्ये". तो मी वाचला नाही. संस्कृतात "करिष्यामि" म्हणजेही मी करीन, आणि "करिष्ये" म्हणजेही मी करीन. पण "करिष्ये" हे आत्मनेपदी रूप, त्यात काम करणाऱ्याला स्वतःसाठी करायचं असतं. म्हणून बाकी सगळं गुरुजी सांगतात, आणि इथे येऊन थांबतात, "म्हणा, करिष्ये". तो शब्द आपला आपणच म्हणायचा. स्क्रिप्टमध्ये मी शेवटी एवढंच ठेवलं होतं: "पत्ता लिहायला मोठे मदत करतील. सही तुमची."

तो "करिष्ये" म्हणाला आणि बोटांवरून पाणी ताम्हनात सोडलं. जुन्या ताम्रपटांत राजे जमीन देत तेही असंच, वर्ष, महिना, तिथी सांगून हातावरून पाणी सोडून. पाणी सोडलं की दिलेलं परत घ्यायचं नाही. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं, असं आपण मराठीत म्हणतो, ते याच ओंजळीतून आलं. हे सगळं चार मिनिटांत बसत नव्हतं, म्हणून त्याला तेव्हा सांगितलं नाही.

"आजोबा, तुमचा गणपती उद्या आणि आमचा आज. बरोबर कोण?" त्याने फोनकडे बघून विचारलं.

"दोघंही," वडील म्हणाले. "उद्या मी म्हणेन सौम्यवासरे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. तुझं आज भौमवासरे, उत्तर तीर. संवत्सर तेवढं एकच आहे, विश्वावसु. माझंही, तुझंही."

दोन-तीन आठवड्यांनी त्यांची षष्ट्यब्दीपूर्ती झाली. आम्ही इथून पाहिली, मध्यरात्रीनंतर, फोन उशीला टेकवून. संकल्प आला तेव्हा मुलगा अर्धवट झोपेत होता. गुरुजींनी तिथे संवत्सराचं नाव घेतलं तसा तो उठून बसला आणि त्यांच्या बरोबरीने म्हणाला. आता आमच्या घरात अमुक राहत नाही. पण त्या दिवशी वडिलांच्या शेजारच्या पाटाची एक जागा मात्र रिकामी होती, आणि ती भरायचा हिशेब माझ्याकडे अजून नाही.